नवी एसएसडी ४० एमबीवर अडते तेव्हा केबलमध्ये काय कमी असतं

प्रश्न: लॅपटॉपमधले साधारण ६०० जीबी फोटो आणि व्हिडिओ नव्या १ टीबीच्या एक्स्टर्नल एसएसडीवर बॅकअपला टाकलेत. बॉक्सवर १००० एमबी प्रति सेकंद लिहिलंय, पण विंडोज ३८-४० दाखवतंय आणि साडेचार तास लागतील म्हणतंय. सोबतची केबल अगदीच आखूड होती म्हणून चार्जरची १०० वॅटची लांब टाइप-सी केबल लावली आहे. एसएसडी खराब निघाली का? बदलून घेऊ?

उत्तर:

बदलून घेऊ नका, बहुतेक ती ठणठणीत आहे. चालू कॉपी रद्द करा, चार्जरची केबल काढा, बॉक्समधली आखूड केबल लावा आणि पुन्हा कॉपी सुरू करा. वेग एकदम चारशेच्या किंवा हजाराच्या घरात गेला, तर दोष चार्जरच्या केबलचाच होता हे सिद्ध झालं. आतापर्यंत कॉपी झालेल्या फाइल्स तशाच राहतात, रद्द करताना जी फाइल अर्धवट असेल तेवढीच पुन्हा जाईल. उरलेलं काम तिथूनच पुढे कसं चालवायचं ते शेवटी सांगतो. त्याआधी असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण केबल बदलूनही वेग वाढला नाही तर पुढे कुठे पाहायचं ते त्यावरूनच कळतं.

तुम्ही दिलेला ३८-४० हा आकडाच निम्मं निदान सांगतो. ड्राइव्ह खराब होत असेल तर वेग असा एका जागी स्थिर राहत नाही. तो खालीवर होतो, मधेच शून्यावर जातो, कॉपी अडकते, एरर येतात. मोठ्या फाइल्स जात असताना वेग पस्तीस ते बेचाळीस एमबीच्या पट्ट्यात सपाट रेषेसारखा बसून राहिला, तर जोडणी यूएसबी २.० वर झाली आहे असं समजावं. एसएसडी कितीही वेगवान असो, त्या जोडणीतून यापेक्षा जास्त डेटा जातच नाही.

हा आकडा कुठून येतो तेही पाहू. यूएसबी २.० हे मानक एप्रिल २००० मधलं, वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून कागदावर ६० एमबी होतात. पण या मानकात वेळेचे १२५ मायक्रोसेकंदांचे तुकडे पाडलेले असतात, आणि मोठ्या डेटासाठी अशा एका तुकड्यात ५१२ बाइटांची जास्तीत जास्त १३ पाकिटं बसतात. सेकंदाला असे ८००० तुकडे, म्हणजे ५३ एमबीच्या आसपास कमाल मर्यादा. त्यातही जायला आणि यायला तारांची जोडी एकच असते, त्यामुळे एका वेळी एकाच दिशेने बोलता येतं. त्यावर ड्राइव्हशी बोलण्याची जुनी पद्धत अशी की आधी आज्ञा पाठवायची, मग डेटा, मग ‘झालं’ असा निरोप येईपर्यंत थांबायचं आणि त्यानंतरच पुढची आज्ञा. या थांबण्यात आणखी काही एमबी जातात, आणि हातात उरतात ते हे चाळीस. तुमचा हिशेब बघा: ६०० जीबी म्हणजे सहा लाख एमबी, भागिले ३९, म्हणजे साधारण १५,४०० सेकंद, सव्वाचार तास. छोट्या फाइल्सचा वेळ त्यात मिळवला की साडेचार. विंडोजने दिलेला अंदाज अगदी बरोबर आहे.

आता नवी बाजू. यूएसबी ३.० नोव्हेंबर २००८ मध्ये आलं, वेग ५ गिगाबिट. त्यात प्रत्येक बाइट पाठवायला आठऐवजी दहा बिट लागतात, म्हणून मर्यादा ५०० एमबी आणि चांगल्या एसएसडीला प्रत्यक्षात ४०० ते ४५०. २०१३ मध्ये १० गिगाबिटचं मानक आलं, त्यात हा जादा बिटांचा खर्च खूप कमी केला, म्हणून प्रत्यक्षात १००० एमबीच्या आसपास वेग मिळतो. तुमच्या बॉक्सवरचा हजाराचा आकडा याच १० गिगाबिटच्या जोडणीवरचा आहे. म्हणजे तुमचं काम ५ गिगाबिटवर सुमारे २३-२५ मिनिटांत आणि १० गिगाबिटवर, ड्राइव्हने दम धरला तर, दहा-बारा मिनिटांत व्हायला हवं. साडेचार तासांच्या जागी पंचवीस मिनिटं, हा फरक फक्त केबलमधल्या काही तारांचा आहे.

त्या तारा कोणत्या, ते इथे महत्त्वाचं. यूएसबी २.० च्या केबलमध्ये चारच तारा असतात: वीज, ग्राउंड आणि डेटाची एक जोडी. यूएसबी ३.० ने ही जोडी वेगवान केली नाही. तिला हात न लावता शेजारी डेटाच्या दोन नव्या जोड्या घातल्या, एक पाठवायला आणि एक घ्यायला. म्हणजे यूएसबी ३ च्या प्रत्येक पोर्टात खरं तर दोन स्वतंत्र मार्ग असतात, जुना ४८० मेगाबिटचा आणि नवा ५ किंवा १० गिगाबिटचा. ड्राइव्ह जोडली की दोन्ही बाजू आधी नव्या मार्गावर एकमेकींना शोधतात. तिथे उत्तर मिळालं नाही की जुन्या जोडीवर उतरतात आणि काम सुरू करतात. ड्राइव्ह दिसते, उघडते, फाइल्स बरोबर जातात. बहुतेक वेळा एररही येत नाही आणि सूचनाही येत नाही. जुनं उपकरण नव्या पोर्टात चालावं म्हणून केलेली ही सोय आहे आणि ती चांगलीच आहे, पण तिच्यामुळेच लोक तासन्‌तास हळू बॅकअप घेत बसतात आणि दोष ड्राइव्हला देतात.

टाइप-सीमध्ये हे आणखी लपलं. टाइप-सीच्या पोर्टात २४ पिना असतात, बारा-बाराच्या दोन रांगा. त्यात वेगवान डेटाच्या चार जोड्यांची जागा आहे. पण केबल बनवणाऱ्याने त्या चारही जोड्या आत घातल्याच पाहिजेत असा नियम नाही. वीज, ग्राउंड, दोन्ही टोकांची बोलणी ठरवणारी एक तार आणि जुनी डेटा जोडी एवढ्यावर बनवलेली टाइप-सी केबल पूर्णपणे नियमात बसते. मोबाइल आणि लॅपटॉपच्या चार्जरसोबत येणाऱ्या बहुतेक केबल अशाच असतात. त्यामुळे केबल स्वस्त पडते, बारीक आणि मऊ राहते, आणि दोन-तीन मीटर लांबही करता येते. चार्जिंगसाठी ती उत्तमच.

तुमची १०० वॅटची केबल महाग आणि जाड असली तरी त्याचा डेटाशी संबंध नाही. वॅट हा विजेचा आकडा आहे. तीन अँपिअरपेक्षा जास्त वीज नेणाऱ्या टाइप-सी केबलच्या टोकात एक छोटी चिप लागते, ती ‘मी पाच अँपिअर झेपवू शकते’ असं चार्जरला सांगते. ती चिप असलेली, १०० किंवा २४० वॅटची, पण डेटासाठी फक्त ४८० मेगाबिटची अशा केबल बाजारात भरपूर आहेत. उलट एसएसडीसोबत येणारी वीतभर केबल आखूड असते ती कंजूषपणा म्हणून नव्हे. १० गिगाबिटचा सिग्नल साध्या तांब्याच्या केबलमधून साधारण एक मीटरपर्यंतच भरवशाने जातो, ५ गिगाबिटचा दोन मीटरच्या आसपास. त्यामुळे तीन मीटरची, बारीक, मऊ आणि स्वस्त टाइप-सी केबल कुणी १० गिगाबिटची म्हणून विकत असेल तर विश्वास ठेवू नका.

हाच प्रकार मोबाइलकडूनही होतो. आयफोन १५ आणि १५ प्लसला टाइप-सी पोर्ट आहे, पण आतली डेटा जोडणी ४८० मेगाबिटचीच. १५ प्रोचा पोर्ट १० गिगाबिटचा, तरी त्याच्या बॉक्समधली केबल ४८० मेगाबिटची. म्हणजे प्रोवरचे व्हिडिओ लॅपटॉपवर भराभर उतरवायचे तर वेगळी केबल घ्यावी लागते. भोक आणि टोक सारखं दिसलं म्हणून आतला मार्ग सारखा नसतो, हे टाइप-सीबाबत कायम लक्षात ठेवायचं.

जुनी अडीच इंची हार्ड डिस्क वापरत असाल तर तिथेही हा सापळा आहे. तिच्यावरचं रुंद, दोन भागांचं सॉकेट पाहिलं असेल. त्याचा मोठा भाग जुन्या मायक्रो-यूएसबीच्या मापाचा असतो. मूळ केबल हरवली म्हणून जुन्या मोबाइलची मायक्रो-यूएसबी केबल त्यात घातली तर ती नीट बसते आणि डिस्क चालतेही, पण वेगवान जोड्या सॉकेटच्या दुसऱ्या भागात असतात, त्या मोकळ्या राहतात. वेग पुन्हा चाळीसच्या खाली.

आता केबल बदलली, तरी वेग तोच राहिला, तर पोर्टाकडे वळा. लॅपटॉपवरच्या प्रत्येक टाइप-सी पोर्टाचा वेग सारखा नसतो, आणि एकाच लॅपटॉपवरच्या दोन यूएसबी-ए पोर्टांपैकी एक ५ गिगाबिटचा आणि दुसरा २.० चा असणं अगदी नेहमीचं. निळी जीभ असलेला चौकोनी पोर्ट बहुधा ५ गिगाबिटचा असतो, पण रंग सक्तीचा नाही. पुष्कळ कंपन्या सगळेच काळे ठेवतात. पोर्टाशेजारी `SS` अक्षरं किंवा 5, 10 असे आकडे छापलेले असतील तर तो पुरावा रंगापेक्षा बरा. सगळ्यात भरवशाचं म्हणजे तुमच्या मॉडेलचं तपशीलपत्रक. ते वाचताना नावांनी गोंधळू नका: `USB 3.0`, `USB 3.1 Gen 1` आणि `USB 3.2 Gen 1` ही तिन्ही एकाच ५ गिगाबिटच्या जोडणीची नावं आहेत. नवं मानक आलं की जुन्यालाही नवं नाव देत गेल्यामुळे हे झालं. `Gen 2` दिसलं की १० गिगाबिट. आणि `High-Speed` किंवा `Hi-Speed` वाचून खूश होऊ नका, ते यूएसबी २.० चंच अधिकृत नाव आहे. पाच गिगाबिटच्या जोडणीला `SuperSpeed` म्हणतात.

डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांवर आधी संशय घ्या. ते आत एका वायरीने मदरबोर्डला जोडलेले असतात, आणि असेंबल करताना ती वायर कधी यूएसबी २.० च्या जागीच लावली जाते किंवा वेगवान पोर्टांची वायर जोडायचीच राहते. मागच्या बाजूचा, थेट मदरबोर्डवरचा पोर्ट वापरून पाहा. एचडीएमआय असलेल्या टाइप-सी हबचंही एक वैशिष्ट्य आहे. काही हब मॉनिटरला ४के चित्र ६० हर्ट्झवर देण्यासाठी टाइप-सीच्या चारही वेगवान जोड्या चित्रालाच देतात. मग त्या हबवरच्या सगळ्या यूएसबी पोर्टांच्या वाट्याला जुनी ४८० मेगाबिटची जोडी उरते. हबची रचनाच अशी ठरलेली असते, मॉनिटरची वायर काढूनही फरक पडेलच असं नाही. म्हणून बॅकअपसाठी ड्राइव्ह हबला न लावता थेट लॅपटॉपला लावा.

चौकोनी यूएसबी-ए पोर्टात केबल कशी घातली यानेही फरक पडतो, हे पुष्कळांना खरं वाटत नाही. त्याच्या प्लगमध्ये जुन्या चार पिना टोकाजवळ आणि नव्या पाच आत खोलवर असतात. प्लग हळूहळू घातला तर जुन्या पिना आधी टेकतात आणि लॅपटॉप तेवढ्यावरच जोडणी करून मोकळा होतो. प्लग पूर्ण न बसता एखाद-दोन मिलिमीटर बाहेर राहिला तरी तेच. उपाय साधा: ड्राइव्ह इजेक्ट करा, केबल काढा आणि एका झटक्यात शेवटपर्यंत घाला. टाइप-सीमध्ये याच्या जोडीचा एक प्रयोग आहे. ५ आणि १० गिगाबिटला पोर्टातल्या चारपैकी दोनच जोड्या वापरल्या जातात, आणि कोणत्या दोन ते टोक कोणत्या बाजूने घातलं यावर ठरतं. म्हणून टोक उलटं करून घातल्यावर वेग चाळीसवरून चारशेवर गेला, तर पोर्टातल्या एका बाजूच्या पिना खराब आहेत किंवा त्या बाजूला कचरा बसला आहे. खिशातला धागा आणि धूळ पोर्टाच्या तळाशी दाबून बसते. लॅपटॉप बंद करून ती लाकडी टूथपिकने हलकेच काढता येते. सुई किंवा पिन घालू नका.

हे सगळं अंदाजाने करण्यापेक्षा जोडणी प्रत्यक्ष कितीवर झाली ते पाहणं सोपं आहे, आणि केबल तपासायचा हाच खरा मार्ग. विंडोजमध्ये ‘यूएसबी डिव्हाइस ट्री व्ह्यूअर’ नावाचा मोफत प्रोग्राम मिळतो, फाइलचं नाव `UsbTreeView.exe`. तो उघडून डावीकडच्या यादीत तुमची ड्राइव्ह निवडा आणि उजवीकडे `Device Bus Speed` ही ओळ शोधा. तिथे `High-Speed` असेल तर ४८० मेगाबिट, `SuperSpeed` असेल तर किमान ५ गिगाबिट. मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये यूएसबीच्या यादीत ड्राइव्ह निवडली की वेगाचा आकडा थेट दिसतो. लिनक्सवर एक आज्ञा पुरते:

```
lsusb -t
```

उत्तरात तुमच्या ड्राइव्हची ओळ अशी काहीशी दिसेल. पहिली चार्जरच्या केबलची, दुसरी मूळ केबलची:

```
|__ Port 002: Dev 007, If 0, Class=Mass Storage, Driver=uas, 480M
|__ Port 002: Dev 003, If 0, Class=Mass Storage, Driver=uas, 10000M
```

शेवटचा आकडा मेगाबिटमध्ये असतो: 480, 5000 किंवा 10000. फाइल कॉपी करायचीही गरज नाही, जोडल्या क्षणी निकाल कळतो. घरात पाच-सहा टाइप-सी केबल असतील तर एकेक लावून दोन मिनिटांत सगळ्या तपासून घ्या आणि वेगवान निघतील त्यांच्यावर चिकटपट्टी लावून `5` किंवा `10` लिहून ठेवा. बाहेरून पाहून त्या ओळखता येत नाहीत.

त्याच ओळीत `Driver=uas` आहे की `Driver=usb-storage` तेही पाहा. मघाशी सांगितलेली एकेक आज्ञेची जुनी पद्धत म्हणजे `usb-storage`. `uas` मध्ये ड्राइव्हला अनेक आज्ञा एकदम देऊन ठेवता येतात, त्यामुळे एसएसडीला थांबावं लागत नाही. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरच्या `Storage controllers` खाली `USB Attached SCSI (UAS) Mass Storage Device` दिसलं की नवी पद्धत चालू आहे. घरी डब्यात बसवलेल्या जुन्या एसएसडी कधीकधी इथे मार खातात, कारण स्वस्त डब्याची चिप नवी पद्धत जाणत नाही. तरी चाळीस आणि चारशे एवढी तफावत यामुळे पडत नाही.

जोडणी ५ किंवा १० गिगाबिटवर झाली आहे हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की केबल आणि पोर्ट यांच्यावरचा संशय संपला. तरी कॉपी रेंगाळत असेल तर वेगाचा आलेख कसा आहे ते बघा. विंडोजच्या कॉपीच्या खिडकीत `More details` दाबलं की तो दिसतो.

सुरुवातीला आठशे-नऊशे, मग शंभर-दोनशे जीबी गेल्यावर एकदम खाली येऊन तिथेच स्थिर, असा आलेख असेल तर ते एसएसडीचं स्वतःचं वागणं आहे. ड्राइव्ह आपल्या मोकळ्या जागेचा काही भाग वेगवान कॅशसारखा वापरते. तो भरला की येणारा डेटा थेट मूळ, संथ पेशींमध्ये लिहावा लागतो. चांगल्या ड्राइव्हमध्ये हा वेग काहीशे एमबी राहतो, एका पेशीत चार बिट ठेवणाऱ्या स्वस्त क्यूएलसी ड्राइव्हमध्ये तो शंभर-दीडशेपर्यंत किंवा त्याहीखाली येऊ शकतो. ६०० जीबी सलग ओतताना हे घडण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून मघाचा दहा मिनिटांचा आकडा कमाल समजा. बॉक्सवरचे १००० एमबी हे कॅश रिकामी असतानाचे असतात. ड्राइव्ह हाताला चांगलीच गरम लागत असेल तर ती उष्णतेमुळेही वेग कमी करते. तिला गादीवर किंवा लॅपटॉपच्या गरम हवेच्या झोतात न ठेवता टेबलावर मोकळी ठेवा.

आलेख करवतीसारखा असेल, कधी तीनशे तर कधी दोन एमबी, तर त्या वेळी छोट्या फाइल्स जात आहेत. प्रत्येक फाइल नवी उघडणं, तिची नोंद करणं, ती बंद करणं आणि मधे अँटीव्हायरसने ती तपासणं यात फाइलमागे ठरावीक वेळ जातो. ५० जीबीच्या एका व्हिडिओला तो एकदाच लागतो, व्हॉट्सअ‍ॅपच्या दीड लाख फोटोंना दीड लाख वेळा. इथे महागडी केबल काहीच करत नाही. जिथे हजारो छोट्या फाइल्स साचल्या आहेत आणि ज्यांना तुम्ही फारसा हात लावत नाही, असे फोल्डर आधी लॅपटॉपवरच एका `zip` फाइलमध्ये बांधून मग पाठवले तर बराच वेळ वाचतो. फोटो आधीच आकुंचित असतात, तेव्हा दाबायच्या भानगडीत न पडता ‘स्टोअर’ हा पर्याय निवडा. पण ती एक फाइल बिघडली तर आतलं सगळं धोक्यात येतं, म्हणून ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही त्याच्यासाठी हा मार्ग मी सुचवणार नाही.

बॅकअप एसएसडीवर नसून फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर अपेक्षाच वेगळी ठेवायला हवी. अडीच इंची पोर्टेबल हार्ड डिस्क नवीकोरी, रिकामी आणि उत्तम केबलवर असली तरी साधारण १०० ते १४० एमबीच्या पलीकडे जात नाही, आणि भरत आली की वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. तिला १० गिगाबिटची केबल घेणं हे पैसे वाया घालवणं आहे. यूएसबी २.० ची केबल लावली तर मात्र तिचाही निम्म्याहून अधिक वेग जातो.

एसएसडी २००० एमबीची असेल आणि वेग हजाराच्या आसपासच थांबत असेल तर तोही बिघाड नाही. अशा बहुतेक ड्राइव्ह `USB 3.2 Gen 2x2` या २० गिगाबिटच्या जोडणीवर चालतात. ती फार थोड्या लॅपटॉपवर असते. बहुतेक मॅकवर तर नाहीच, तिथे ४० गिगाबिटच्या पोर्टातसुद्धा अशी ड्राइव्ह १० वर उतरते. ड्राइव्ह विकत घेण्याआधी आपल्या पोर्टाचा वेग पाहिला तर हे पैसे वाचतात.

एक वेगळी खूणही सांगून ठेवतो. जोडणी १० गिगाबिटवर होते, वेग मिळतो, पण मधेच काही सेकंद सगळं थांबतं किंवा ड्राइव्ह गायब होऊन परत येते, असं झालं तर केबल सिग्नल जेमतेम पोहोचवते आहे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये `System` खाली `disk` या नावाने 153 क्रमांकाच्या नोंदी दिसतील, म्हणजे लिहिण्याचा प्रयत्न फसला आणि पुन्हा करावा लागला. लिनक्सवर `dmesg` मध्ये `reset SuperSpeed` अशा ओळी येतात. अशी केबल बॅकअपला वापरू नका, चाळीस एमबीची परवडली. ती संथ असते पण विश्वासाने काम करते, ही मात्र अर्धवट लिहिलेली फाइल मागे ठेवू शकते. एक्स्टेन्शन वायर आणि मधे घातलेले छोटे ए-टू-सी जोड यांमुळेही असं होतं, ते आधी काढून पाहा.

आता तुमची उरलेली कॉपी. एक्स्प्लोररमधून पुन्हा ओढून टाकलंत तर आधी गेलेल्या फाइल्स बदलायच्या की सोडायच्या हे तो विचारेल. विंडोजमध्ये मुळातच असलेलं `robocopy` वापरा. ते आकार आणि तारीख जुळणाऱ्या फाइल्स सोडून देतं आणि उरलेल्याच पाठवतं. फोटो `D:\Photos` मध्ये आणि एसएसडी `E:` आहे असं धरून, कमांड प्रॉम्प्टमध्ये हे लिहा:

```
robocopy D:\Photos E:\Photos /E /MT:8 /R:1 /W:1 /LOG:C:\Users\Public\backup.txt
```

`/E` मुळे आतले सगळे फोल्डर येतात. `/MT:8` मुळे आठ फाइल्स एकदम जातात, छोट्या फाइल्सच्या ढिगाला याचा चांगला उपयोग होतो. बॅकअप फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर हे वगळा, एकदम आठ ठिकाणी लिहायला गेली की ती उलट मंदावते. `/R:1 /W:1` नसेल तर एखादी फाइल वाचता आली नाही की तो तीस-तीस सेकंद थांबून दहा लाख वेळा प्रयत्न करतो, कारण मूळ सेटिंगच तशी आहे. आणि इंटरनेटवर अशा आज्ञेत `/MIR` लिहिलेलं सापडेल, ते समजल्याशिवाय वापरू नका. मूळ जागी जे नाही ते सगळं `/MIR` बॅकअपमधून पुसून टाकतं. लॅपटॉपवरून चुकून डिलीट झालेला फोल्डर त्याने एसएसडीवरूनही जाईल.

काम संपल्यावर `backup.txt` उघडून शेवटच्या तक्त्यातला `FAILED` चा रकाना पाहा. तिथे शून्य असेल तर ड्राइव्ह इजेक्ट करून काढा. आकडा असेल तर त्या फाइल्सची नावं वर लॉगमध्येच सापडतील. बहुतेक वेळा ती फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी असते. तो प्रोग्राम बंद करून तीच आज्ञा पुन्हा चालवा, बाकीचं सगळं सोडून देऊन ती फक्त राहिलेल्या फाइल्स घेईल.